नाममुद्रा-स्थाननिश्चिती

एकसारख्या वस्तूंच्या गर्दीत एखाद्या नाममुद्रेला ग्राहकाच्या मनात वेगळे स्थान मिळवून देण्याची विपणनातील पद्धती. जॅक ट्राउट व अल रीझ या अमेरिकन जाहिराततज्ञांनी १९६९–७२ च्या सुमारास ‘पोझिशनिंग’ या नावाने ती रूढ केली; तथापि तिचे एक बोलके उदाहरण त्यापूर्वीचे आहे. लीव्हर ब्रदर्स कंपनीने १९५७ मध्ये अमेरिकेत ‘डव्ह’ ही वडी विक्रीस आणली. ती नेहमीच्या साबणासारखी अल्कधर्मी नसून संश्लिष्ट प्रक्षालकापासून बनविलेली होती. हात मळणाऱ्या पुरुषांसाठीही ती खपविता आली असती. परंतु जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही यांनी कोरड्या त्वचेच्या स्त्रिया हाच ग्राहकवर्ग निवडला. तिच्यात एक-चतुर्थांश क्लेन्झिंग क्रीम असल्याने ती साबणाप्रमाणे त्वचा कोरडी करीत नाही, हे ग्राहकाला एका वाक्यात सांगता येई आणि वापरून पडताळताही येई.

ग्राहकाच्या वाक्यात प्रतिस्पर्धी नाममुद्रेचे नाव घालून पाहणे, ही याची सोपी कसोटी होय. तरीही ते खरे ठरले, उदा., ‘दर्जा उत्तम, किंमत वाजवी’, तर स्थान निश्चित झालेले नाही असे समजावे. असे वाक्य साधण्यासाठी वस्तूचे इतर गुण अनुल्लेखित ठेवावे लागतात व काही ग्राहकांवरही पाणी सोडावे लागते.