पत्र्याची जाडी काटा सांगतो

बंगल्याचं गेट करायला दिलं की फॅब्रिकेशनवाला दोनपैकी एका पद्धतीने भाव सांगतो: चौरस फुटावर किंवा किलोवर. लांबी-रुंदी घरमालकाला टेपने मोजता येते आणि ती बहुतेक जण मोजतातही. पण वजन ज्या तिसऱ्या मापावर उभं असतं, त्या जाडीकडे फारसं कोणी पाहत नाही. फसगत होते ती तिथेच.

हिशेबाचं मूळ अगदी सोपं आहे. १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड पत्रा घेतला तर त्याचं आकारमान बरोबर एक लिटर भरतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साधं पोलाद, म्हणजे बाजारातलं एमएस, पाण्याच्या ७.८५ पट जड. म्हणून असा पत्रा ७.८५ किलो भरतो. शुद्ध लोखंडाची घनता ७.८७ च्या आसपास असते. पोलादातल्या कार्बनमुळे ती किंचित उतरते. इंजिनिअर लोक सगळीकडे ७.८५ धरतात, भारतीय मानकंही तेच धरतात. घराचा स्लॅब टाकताना सळईच्या वजनासाठी ‘व्यासाचा वर्ग भागिले १६२’ असं सूत्र ऐकलं असेल, त्या १६२ मध्येही हाच ७.८५ दडलेला आहे.

तेव्हा कुठल्याही प्लेटचं वजन काढायचं तर लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून ७.८५ ने गुणायचं. उत्तर थेट किलोत येतं. फुटात काम करणाऱ्यांसाठी यापेक्षाही सोयीचा आकडा आहे: एक चौरस फूट, एक मिलिमीटर जाडी, वजन ०.७३ किलो. हा एवढा एक आकडा डोक्यात ठेवला तर वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या हिशेब होतो.

आता एक काम घेऊ. १२ फुटी फाटकाला दोन पाखं, प्रत्येक पाख ६ फूट रुंद आणि ५ फूट उंच. बाजूला पोर्चची शेड, तिला चार खांब, प्रत्येक खांबाखाली फूट बाय फुटाची बेस प्लेट. कोटेशनवर लिहिलंय: पत्रा १६ गेज, बेस प्लेट चार सूत.

आधी बेस प्लेट. ‘सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पण प्लेट मिलिमीटरच्या मापात येते, आणि चार सूत मागितलं की दुकानदार १२ मिलिमीटरची देतो. ‘फूट’ही कटिंगला बहुधा ३०० मिलिमीटरचा होतो, ३०५ चा नाही. खरी प्लेट ३०० बाय ३०० बाय १२, म्हणजे ०.३ × ०.३ × १२ × ७.८५, सुमारे साडेआठ किलो. हीच प्लेट फूट आणि सुतात धरून मोजली तर सव्वानऊ किलोच्या वर जाते. चार प्लेटांत तीन किलोहून जास्त लोखंड फक्त कागदावर वाढतं. यात लबाडी असेलच असं नाही. दोन मोजपद्धती एकत्र आल्या की हे आपोआप होतं. म्हणून कोटेशनवर जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी, आणि लांबी-रुंदीही.

बोल्टच्या भोकांची वजावट करायची का, हा प्रश्न हमखास निघतो. २२ मिलिमीटरची चार भोकं पाडली तर साडेआठ किलोतून जेमतेम १४० ग्रॅम जातं. त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही आणि छोट्या भोकांची वजावट सहसा कोणी करतही नाही. खांबाला आधार देणाऱ्या तिरक्या गसेट प्लेटांकडे मात्र लक्ष द्यावं. १५० बाय १५० च्या चौकोनातून कर्णावर कापलेली त्रिकोणी गसेट चौकोनाच्या निम्म्या वजनाची असते. बिलात पूर्ण चौकोन धरला असेल आणि एका चौकोनातून दोन गसेट निघाल्या असतील तर ते लोखंड दोनदा विकलं गेलं.

बेस प्लेटची जाडी तपासायला सोपी. कडेला व्हर्नियर लावला की झालं; फक्त गॅस कटिंगची खडबडीत कड आणि तिला चिकटलेला मळ टाळून, कानस मारून स्वच्छ केलेल्या जागी लावायचा. खरी गंमत आणि खरी अडचण पातळ पत्र्यात आहे.

१६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२. गेजचा आकडा वाढतो तशी जाडी कमी होते, त्यामुळे नवख्या माणसाला १८ गेज जास्त भक्कम वाटतो. एका पाखाचं क्षेत्रफळ ३० चौरस फूट. ३० गुणिले १.६ गुणिले ०.७३, म्हणजे ३५ किलो. १८ गेज वापरला तर तेच २६ किलोंवर येतं. दोन्ही पाखं मिळून साडेसतरा किलोंचा फरक, आणि रंग मारल्यावर नजरेने तो ओळखू येत नाही.

इथे चुकीचं गणित नीट समजून घ्यावं. सहा फुटांच्या लांबीत टेप दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर वजनात हजारातल्या एका भागाच्या आसपास फरक पडतो. जाडीत मात्र दहावा भाग मिलिमीटर कमी निघाला, १.६ च्या जागी १.५, की वजन थेट सहा टक्क्यांनी घसरतं. कारखान्यातून येणाऱ्या पत्र्यालाही जाडीत थोडी सूट मानकांनी दिलेली असते. म्हणून गणिताने काढलेलं वजन आणि काट्यावरचं वजन अगदी जुळत नाही, आणि त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. पण १.६ म्हणून दिलेला पत्रा १.४ निघाला तर ते सुटीत बसवून घेऊ नये.

मग तपासायचं कसं? कातरलेली कड एका बाजूला दबलेली आणि दुसऱ्या बाजूला बर काढलेली असते, त्यामुळे तिथलं माप फसवं. व्हर्नियरचा जबडा पत्र्याच्या मध्यापर्यंत पोचत नाही. रंगवलेल्या पत्र्यावर तर आणखी घोळ होतो. पावडर कोटिंग एका बाजूला ८० मायक्रॉन असलं तरी दोन्ही बाजूंचं मिळून ०.१६ मिलिमीटर जाडी वाढते आणि पातळ पत्रा मायक्रोमीटरला जाड भासतो.

काटा मात्र यातल्या कशालाच फसत नाही. कोटिंग पोलादापेक्षा खूप हलकं असतं. तेवढ्या थराचं वजन जेमतेम ०.०३ मिलिमीटर पोलादाएवढं. म्हणून गणित उलटं फिरवावं. पूर्ण पत्रा कापण्याआधी काट्यावर ठेवा, वजनाला चौरस मीटर आणि ७.८५ ने भागा, सगळ्या पत्र्याची सरासरी जाडी हातात येते. समजा आठ बाय चारचा पत्रा ३३ किलो भरला. ३२ चौरस फूट गुणिले ०.७३ म्हणजे दर मिलिमीटरला २३.४ किलो. ३३ भागिले २३.४, उत्तर १.४१ मिलिमीटर. हा १६ गेज नव्हे.

त्याआधी टेप मात्र लावाच. ‘आठ बाय चार’ म्हणून मिळणारा पत्रा बऱ्याचदा २५०० बाय १२५० मिलिमीटरचा असतो, खऱ्या आठ बाय चारपेक्षा पाच टक्क्यांनी मोठा. असा पत्रा ३७.४ किलो भरला आणि माप न घेता आठ बाय चार धरलं, तर जाडी नेमकी १.६ निघते. खरी असते १.५२.

भाव कसा ठरलाय यावर चूक कुठल्या बाजूला झुकेल हेही ठरतं. चौरस फुटाचा भाव असेल तर पातळ पत्रा वापरणाऱ्याचा फायदा. किलोचा असेल तर पातळ पत्र्याने घरमालकाचे पैसे बुडत नाहीत, पण कागदावरच्या वजनाने बुडू शकतात. तेव्हा बिल मोजलेल्या वजनाचं हवं, काढलेल्या नव्हे. कटिंगमध्ये जाणारा तुकडा आणि गॅसच्या ज्योतीने खाल्लेली दोन-तीन मिलिमीटरची चीर हा कारागिराचा रास्त खर्च आहे. तो वेस्टेज म्हणून वेगळ्या ओळीत दिसावा, एवढंच.

गेटचं पूर्ण वजन हवं तर चौकटही धरावी लागते, आणि तिलाही हेच सूत्र लागू पडतं, कारण चौकोनी पाईप म्हणजे गुंडाळलेली पट्टीच. ४० बाय ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा पाईप उलगडला तर साधारण १५२ मिलिमीटर रुंद पट्टी होते. एक मीटरला वजन २.४ किलोच्या आत. कोपरे गोल असतात म्हणून प्रत्यक्षात जरा कमीच. एका पाखाच्या चार कडा आणि मधली आडवी पट्टी मिळून साडेआठ मीटर पाईप, म्हणजे २० किलो. पत्र्यासकट पाख ५५ किलोंचं.

हे वजन बिलापुरतं नाही, बिजागऱ्यांपुरतंही मोजायचं असतं. ५५ किलो पाखाच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून तीन फुटांवर लोंबकळतात. दोन बिजागऱ्यांत १.१ मीटर अंतर असेल तर वरची बिजागरी खांबातून सुमारे ४६ किलोच्या जोराने बाहेर खेचली जाते. शोभेसाठी दोन्ही बाजूंनी पत्रा लावला तर पाख ९० किलोंचं होतं आणि ओढ ७५ किलोंवर जाते. काही महिन्यांत गेट खाली बसून फरशीला घासू लागलं, की बहुतेक वेळा कारण हेच: पत्रा वाढवला, पण बिजागऱ्या आणि खांबात पुरलेल्या पट्ट्या जुन्याच मापाच्या ठेवल्या. बिजागऱ्यांमधलं उभं अंतर वाढवलं तर ओढ त्याच प्रमाणात कमी होते, आणि तो उपाय फुकटात मिळतो.

लेझर कटिंगच्या नक्षीदार जाळीला हिशेब जरा वेगळा. नक्षीत ४० टक्के भाग मोकळा असेल तर पाखावर येणारं वजन तेवढ्याच प्रमाणात उतरतं, पण पत्रा पूर्ण विकत घ्यावा लागतो. तेव्हा बिजागरीसाठी जाळीचं वजन धरायचं आणि पैशांसाठी पूर्ण पत्र्याचं. आणि गेट स्टेनलेसचं असेल तर ७.८५ च्या जागी ३०४ ग्रेडसाठी ७.९३ घ्यायचा. ३५ किलोंच्या पाखात त्याने तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचाच फरक पडतो, पण काट्यावरून उलट्या गणिताने जाडी काढताना तेवढीही चूक कशाला ठेवायची?