झेंडूच्या फोटोत काय बघायचं

दसरा आठ-दहा दिवसांवर आला, की झेंडूवाल्यांच्या फोनमधून फोटो सुटू लागतात. कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला, शेतकी शिकलेल्या भाच्याला, मार्केट यार्डातल्या आडत्याला. सोबत प्रश्न एकच: ‘काय मारू?’ फोटो मात्र बहुधा एकाच पानाचा, भर उन्हात, हात हलवत काढलेला. त्यावरून मिळतं ते औषधाचं नाव, रोगाचं नव्हे.

फोटो लांबून जवळ असे वाचायचे. एक उदाहरण घेऊ. समजा, पुरंदर तालुक्यात 20 गुंठ्यांवर नारिंगी झेंडू आहे. जुलैअखेरची लागवड, गादीवाफे, ठिबक. सप्टेंबरच्या शेवटी दोन दिवस पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी बांधावरून काढलेल्या फोटोत एका वाफ्याच्या टोकाला दहा-बारा झाडं माना टाकून उभी दिसतात.

पहिला प्रश्न रोगाचा नाही, वेळेचा आहे. फोटो दुपारी एकचा असेल, तर त्याच जागेवरून सकाळी सातचा मागवायचा. उन्हात निरोगी झेंडूही मलूल होतो आणि रात्रीत सावरतो. सकाळीही जी झाडं उठली नाहीत, तीच मरीची. दुसरं बघायचं ते झाडं कुठे मेली आहेत. ती उताराच्या खालच्या टोकाला, एकमेकांना लागून असतील, तर पाणी साचल्याचा संशय घ्यायचा.

इथून पुढे कॅमेरा पुरत नाही, कोयता लागतो. एक झाड मुळासकट उपटून बुंधा धुवायचा, उभा चिरायचा आणि मग फोटो काढायचा. मर दिसायला एकच, पण कारणं किमान तीन असतात. बुंध्याशी काळपट, ओलसर पट्टा आणि सडलेली मुळं दिसली, तर ती फायटोफ्थोरा बुरशी. साचलेल्या पाण्यात ती फोफावते. बुंधा बाहेरून धड, खालची पानं आधी पिवळी पडत गेलेली आणि चिरलेल्या खोडात तपकिरी रेघा असतील, तर फ्युझारियम. पानं हिरवी असतानाच झाड एक-दोन दिवसांत कोसळलं, तर जिवाणूजन्य मर. तिची खूण घरच्या घरी पटते: खोडाचा ताजा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगून धरायचा. थोड्या वेळात कापातून दुधट धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूंचा.

हा फरक पैशाचा आहे. मेटॅलॅक्झिल असलेलं बुरशीनाशक फायटोफ्थोरावर चालतं. फ्युझारियमवर नाही, जिवाणूवर तर नाहीच. आपल्या उदाहरणात बुंधा काळा निघाला आणि ग्लासातलं पाणी स्वच्छ राहिलं. तेव्हा खालच्या टोकाला चर काढून पाणी बाहेर सोडायचं, त्या वाफ्याचं ठिबक बंद ठेवायचं, मेलेली झाडं काढून टाकायची आणि आजूबाजूच्या उभ्या झाडांना लेबलवरच्या मात्रेने आळवणी करायची. मान टाकलेलं झाड कोणत्याही औषधाने उठत नाही. तिथे औषध ओतणं म्हणजे पदरचे पैसे चिखलात घालणं.

पानाचा फोटो दोन्ही बाजूंनी हवा, आणि कुठल्या उंचीवरचं पान तेही कळवायला हवं. खालच्या, दाट पानांवर तपकिरी-जांभळट ठिपके असतील, ते एकमेकांत मिसळून पान करपत असेल, तर तो अल्टरनेरियाचा करपा. तो पाऊस आणि दव यांच्या ओलाव्यावर वर चढतो. ठिपके नाहीत, पण पान धूळ बसल्यासारखं फिकट आणि खाली बारीक जाळी, म्हणजे लाल कोळी. ती कीड आहे, तिच्यावर बुरशीनाशक वाया जातं. इथे फोटो बऱ्याचदा फसवतो, कारण उन्हात पानाची चकाकी ठिपके पुसून टाकते. स्वतःची सावली पानावर पाडून फोटो काढला, की ते नीट दिसतात.

कळीचं नुकसान ओळखायला सगळ्यात सोपं, आणि दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यात महाग. कळीला गोल भोक आणि भोकाशी ओलसर विष्ठा असेल, तर ती घाटेअळी, टोमॅटोची फळं पोखरणारी तीच. तिच्या पतंगाला झेंडू इतका आवडतो, की टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ सापळा म्हणून लावण्याची शिफारस आहे. टोमॅटोच्या शेजारी सापळा ठरणारं हे पीक एकटं असलं, की अळी येणारच. भोक नाही, पण कळी तपकिरी होऊन वाळली आहे, तर करपा कळीपर्यंत पोचला. पाकळ्यांवर फिकट ओरखडे असतील, तर फुलकिडे. मात्र नारिंगी रंग फोनच्या कॅमेऱ्यात भडकतो आणि पाकळीवरचे ओरखडे त्यात बुडून जातात. स्क्रीनवर फुलाला बोट लावून उजेड कमी केला, तर ते वर येतात.

आता मालाकडे. आडत्याकडे झेंडू मोजायला पट्टी नसते, तो हाताने मोजतो. फूल मुठीत हलकं दाबलं आणि सोडल्यावर परत फुगलं, तर ताजं. उलटं करून देठाकडची हिरवी वाटी बघतो. हार ओवताना सुई त्याच वाटीतून जाते. अळीने ती आतून पोखरली असेल, तर पाकळ्या दोऱ्यावरच गळतात. म्हणून वरून सुंदर दिसणारं पोखरलेलं फूलही एक नंबरात जात नाही.

तोडणीआधी प्रतीचा अंदाज काढायचा असेल, तर क्रेटचा फोटो निरुपयोगी. क्रेटच्या वरच्या थरात सगळ्यांचाच माल चांगला असतो. त्याऐवजी वाफ्याच्या दोन्ही टोकांची आणि मधली मिळून 100 फुलं न निवडता तोडून ताडपत्रीवर एका थरात, वाटी वर करून पसरायची आणि सरळ वरून फोटो घ्यायचा. समजा, त्यात 65 मोठी, घट्ट, पूर्ण उमललेली आणि निर्डाग निघाली. 20 निरोगी पण लहान. ती दोन नंबर, तोरणाला चालतात. उरलेल्या 15 मध्ये पोखरलेली, काळे ठिपके असलेली आणि भिजून मऊ पडलेली. म्हणजे 40 क्रेट तोडले, तर एक नंबरचे 26 धरायचे, आणि आडत्याला फोनवर तेवढेच सांगायचे. तिन्ही प्रती एकत्र भरल्या, तर भाव शेवटच्या प्रतीचा पडतो.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो ओलाव्याने. ओली फुलं दाबून भरली, की आतून गरम होतात आणि मार्केटला पोचेपर्यंत मधली काळी पडतात. दव उतरल्यावर किंवा संध्याकाळी तोडावं, आणि पावसात तोडावंच लागलं, तर सावलीत पसरून सुकवल्याशिवाय क्रेट भरू नये.

निवडून टाकलेली फुलं आणि करपलेली पानं बांधावर टाकू नका, खड्ड्यात पुरा. करपा त्याच काडीकचऱ्यात पुढच्या लागवडीपर्यंत टिकतो. आणि ज्या वाफ्यातल्या खोडाचा धागा पाण्यात दुधट उतरला, तिथे पुढच्या हंगामात झेंडू नको, टोमॅटो, वांगी आणि मिरचीही नको.