ताप उतरला, पण नाडी मंद का?

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या वॉर्डात डॉक्टर आले की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "प्लेटलेट किती झाल्या?" नाडी किती आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. आज आपण त्या नाडीविषयी बोलू.

साधा नियम असा की ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. पण काही तापांत हे गणित जमत नाही. टायफॉइडमध्ये, कधी स्क्रब टायफस आणि डेंग्यूमध्येही, अंग १०३ फॅरनहाइटने तापलेलं असतं आणि नाडी ८०-८५ वरच राहते. डेंग्यूत आणखी एक गोष्ट दिसते. ताप उतरून रुग्ण सुधारू लागला की नाडी नेहमीपेक्षाही मंद होते.

समजा, २६ वर्षांचा एक तरुण आहे. तापाचा सातवा दिवस, दोन दिवसांपासून ताप नाही. प्लेटलेट वाढताहेत, जेवण जातंय, लघवी व्यवस्थित होतेय, रक्तदाब ११२/७०. फक्त मॉनिटरवर नाडी ४६ दिसते आणि घरचे घाबरतात. डॉक्टर ईसीजी काढतात. ठोके संथ आहेत, पण नियमित आहेत. मग त्याला वॉर्डात दोन फेऱ्या मारायला सांगतात आणि नाडी ८० वर जाते. म्हणजे गरज पडली की हृदय वेग वाढवू शकतं. ट्रोपोनिन ही रक्ततपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते सांगते. तीही नॉर्मल येते. अशा मंद नाडीला औषध लागत नाही. काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप पूर्ववत होते.

आता दुसरा रुग्ण पाहू. त्याचाही ताप पाचव्या दिवशी उतरला. पण नाडी १२४, हातपाय गार, रक्तदाब ९०/७४. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, तर डेंग्यूत ती धोक्याची खूण असते. याची दोन कारणं असू शकतात. बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट झालेलं असतं. क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज आलेली असते. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण उपचार उलटे आहेत. पहिल्यात सलाईन जीव वाचवतं. दुसऱ्यात तेच सलाईन जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी साठतं.

मग ओळखायचं कसं? पाणी झिरपत असेल तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा घट्टपणा, वाढत जातो. हृदय थकलं असेल तर तो फारसा वाढलेला नसतो, मानेच्या शिरा फुगतात आणि आडवं झालं की दम लागतो. कधी दोन्ही एकत्रही असतं, म्हणून खाटेपाशीच इको करतात. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं ५५ टक्के किंवा थोडं अधिक रक्त बाहेर ढकलतं. या रुग्णात ते ३५ टक्के निघालं. सलाईन मोजून-मापून दिलं, आयसीयूत हृदयाला बळ देणारं औषध चालू केलं. डेंग्यूच्या विषाणूवर थेट औषध नाही. हृदयाला सावरायला वेळ मिळवून द्यायचा, हाच उपचार. दोन आठवड्यांनी इकोत आकडा ५० झाला, दीड महिन्याने ६०.

आकडा ६० आला म्हणजे लगेच जिम किंवा क्रिकेट सुरू करायचं नाही. सुजलेल्या स्नायूवर जोर पडला तर ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. म्हणून मायोकार्डायटिसनंतर साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवतात आणि ईसीजी, इको पुन्हा पाहूनच परवानगी देतात. पहिल्या तरुणासारखं ज्यांचं हृदय ठीक आहे, त्यांना एवढं थांबावं लागत नाही. अंगात ताकद येईल तसं हळूहळू वाढवायचं.

घरी आल्यावर रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसून मनगटावर नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण मिनिट मोजा. मध्येच चुकणारा ठोका तेव्हाच कळतो. आकडा वहीत लिहा. रक्तदाबासाठी अटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण या गोळ्यांनीही नाडी मंदावते. मनाने मात्र गोळी बंद करू नका.

नाडी ४० च्या खाली गेली, किंवा ताप नसताना बसल्या जागी १०० च्या वर राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, रात्री दम लागून उठून बसावं लागणं, यांपैकी काही झालं तर नाडीचा आकडा कितीही असो, थेट रुग्णालय गाठा. अशा वेळी प्लेटलेट दीड लाख आहेत, म्हणून निश्चिंत राहू नका.