शेजारी कोणत्या चौकोनात?

तुतिकोरिनच्या स्टरलाइट तांबे कारखान्याला आपली क्षमता वर्षाला ४ लाख टनांवरून ८ लाख टनांवर न्यायची होती. फेब्रुवारी २०१८मध्ये जवळच्या कुमाररेड्डियापुरम गावाने त्याविरुद्ध धरणे धरले. २२ मे रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, कलेक्टर कचेरीकडे निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. १३ माणसे गेली.

अशा विस्तारात कोणाला किती गृहीत धरायचे, हे ठरवण्यासाठी व्यवस्थापन एक साधा तक्ता वापरते. ऑब्री मेंडेलोव यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत. उभ्या रेषेवर ताकद, आडव्या रेषेवर आस्था, आणि त्यातून चार चौकोन. दोन्ही जास्त असतील त्यांच्याशी सतत बोलायचे. ताकद आहे पण फारशी आस्था नाही, त्यांना नाराज होऊ द्यायचे नाही. आस्था आहे पण ताकद नाही, त्यांना माहिती देत राहायचे. उरलेल्यांवर नुसती नजर.

ताकद मोजण्याचा प्रश्न नेमका हवा: हा माणूस काम थांबवू शकतो का, आणि कशाने? प्रदूषण नियंत्रण मंडळ परवाना रोखून थांबवू शकते. एप्रिल २०१८मध्ये त्याने चालू कारखान्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारलेच. बँक हप्ता अडवू शकते, आणि परवाना लांबला की तिची आस्था आपोआप वाढते. कामगारांची ताकद संघटनेवर अवलंबून. कंत्राटी कामगाराची रोजीरोटी पणाला लागलेली असते, पण बैठकीत त्याला खुर्ची नसते.

आणि शेजारी? एकेकटे गाव कागदावर सहज ‘माहिती देत राहा’ या चौकोनात पडते. तक्त्याचा खरा दोष इथे आहे. तो त्या दिवसापुरता असतो, आणि ताकद उसनी मिळते हे त्यात दिसत नाही. गावाला मच्छीमार, व्यापारी आणि शहर येऊन मिळाले. २३ मे रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने विस्तार थांबवला आणि आधी जनसुनावणी घ्यायला सांगितले. २८ मे रोजी राज्य सरकारने अख्ख्या कारखान्यालाच टाळे ठोकण्याचा आदेश काढला.

म्हणून प्रत्येक नावाशेजारी बाण काढायला हवा: हा कोणाच्या मदतीने वर सरकेल? खुणा आधीच होत्या. २०१३मध्ये वायुगळतीच्या तक्रारींवरून कारखाना बंद पडला होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणापोटी १०० कोटी रुपये भरायला लावले होते. त्याही आधीची खूण महाराष्ट्रातली. हाच प्रकल्प आधी रत्नागिरीत येणार होता आणि स्थानिकांच्या विरोधामुळे १९९३मध्ये तिथले बांधकाम थांबले.

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारखाना पुन्हा सुरू करण्यासाठी कंपनीने केलेले अपील फेटाळले. विस्ताराला विरोध करायला बसलेल्या गावामुळे जुनी ४ लाख टनांची क्षमताही गेली, आणि तिच्यासोबत कामगारांचे कामही.