एकच विष, दोन आकडे

पिठात होणारे ४८१ भुंगेरे आठ गटांत विभागून कार्बन डायसल्फाइडच्या वायूत ठेवले. लिटरला सुमारे ४९ मिलिग्रॅम या मात्रेला ५९ पैकी ६ मेले, तर ७६.५ मिलिग्रॅमला ६० च्या ६० मेले. चेस्टर ब्लिस यांनी ही आकडेवारी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. मात्रेच्या लॉगॅरिदमवर ही आकडेवारी बसवली, की प्रोबिट मॉडेल सहगुणक देतं १९.७ आणि लॉजिट देतं ३४.३. मग लॉजिटच्या मते विष जास्त जहाल आहे का? नाही.

प्रत्येक भुंगेऱ्याची सहनशक्ती वेगळी असते आणि मात्रा तिच्यावर गेली की तो मरतो, असं दोन्ही मॉडेल्स मानतात. ही सहनशक्ती प्रोबिटमध्ये नॉर्मल वितरणाने पसरलेली असते, लॉजिटमध्ये लॉजिस्टिक वितरणाने. मरण्याची संभाव्यता सरळ रेषेशी जोडण्याचं काम लिंक फंक्शन करतं. लॉजिटची लिंक मरण्याच्या संभाव्यतेला जगण्याच्या संभाव्यतेने भागून त्याचा नैसर्गिक लॉग घेते. त्या संभाव्यतेला नॉर्मल वक्रावर कुठे उभं राहावं लागेल, हे प्रोबिटची लिंक सांगते. ५० टक्क्यांना दोघींचं उत्तर शून्य येतं. ८४ टक्क्यांना प्रोबिट १ म्हणते, लॉजिट १.६६, ९७.५ टक्क्यांना १.९६ आणि ३.६६. लॉजिस्टिक वक्राच्या शेपट्या जाड असल्यामुळे टोकाकडे हे गुणोत्तर वाढत जातं. म्हणूनच एका सहगुणकाला ठरावीक संख्येने गुणून दुसरा नेमका मिळत नाही. अंदाजापुरतं १.६ ते १.८ धरतात, इथे ते १.७४ आहे.

फरकाचं मूळ एककात आहे. सहनशक्तीचा पसारा या आकडेवारीतून वेगळा मोजता येत नाही, म्हणून तो आधीच ठरवून घ्यावा लागतो. प्रोबिट प्रमाण विचलन १ धरतं. लॉजिटच्या वितरणाचं प्रमाण विचलन १.८१ असतं. ते आपापल्या सहगुणकाने भागलं, की सहनशक्तीचा पसारा पुन्हा मात्रेच्या लॉगमध्ये मिळतो: प्रोबिटकडून ०.०५१, लॉजिटकडून ०.०५३. निम्मे भुंगेरे मारणारी मात्राही दोघांच्या मते लिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅमच आहे.

त्यामुळे एका अभ्यासातला प्रोबिट आणि दुसऱ्यातला लॉजिट सहगुणक शेजारी ठेवून परिणाम मोठा की लहान, हे ठरवू नये. सहगुणकांऐवजी प्रत्येक मात्रेला किती मरतील, याचे अंदाज ताडून पाहावेत. ६०.८ मिलिग्रॅमच्या गटात ५६ भुंगेरे होते. दोन्ही मॉडेल्सच्या अंदाजाने त्यांतले सुमारे ३४ मरायला हवे होते. मेले मात्र २८. म्हणजे दोघांची चूकही सारखीच आहे. दोन्ही वक्र मध्याच्या दोन्ही बाजूंना सममित आहेत, आणि भुंगेऱ्यांचे मृत्यू तसे वाढले नाहीत. असममित असलेली कॉम्प्लिमेंटरी लॉग-लॉग लिंक लावली, तर अंदाज ३० वर येतो. तिचा सहगुणक २२ आहे, पण त्या आकड्याकडे नुसतं पाहून ही सुधारणा कळली नसती.