सर्दी गेली, खोकला राहिला

समजा, चाळिशीतल्या एका शिक्षिकेला जूनमध्ये सर्दी झाली. नाक वाहिलं, थोडी कणकण आली. आठवडाभरात सर्दी ओसरली, पण खोकला राहिला. काढा झाला, हळदीचं दूध झालं, खोकल्याच्या औषधाची बाटलीही संपली. तिसऱ्या आठवड्यात मात्र रात्री अशी उबळ येऊ लागली की श्वास घ्यायला उसंत मिळेना, आणि शेवटी उलटी व्हायची. उबळ थांबली की बाई पुन्हा ठणठणीत. ताप नाही, एक्स-रे स्वच्छ.

हा डांग्या खोकला असू शकतो. तो फक्त लहान मुलांना होतो, हा समज डॉक्टरांकडे जायला उशीर करवतो. उबळीनंतर श्वास ओढताना मुलांच्या घशातून येणारा तो विशिष्ट आवाज मोठ्यांमध्ये बहुधा नसतोच. लहानपणी त्रिगुणी लस घेतलेल्यांनाही तो होतो, कारण लसीचं संरक्षण काही वर्षांत विरत जातं.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे आजार निव्वळ सर्दीसारखा दिसतो तेव्हाच, अॅझिथ्रोमायसिनसारख्या औषधाचा खरा उपयोग होतो. पुढे जंतू मेले तरी त्यांच्या विषाने श्वासनलिकेच्या अस्तराची हानी झालेली असते. ती भरून यायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर खोकला सुटत नाही. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर चाचणीही पहिल्या तीन-चार आठवड्यांतच भरवशाची असते. आपल्याकडे दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी आधी व्हायलाच हवी. ती निर्दोष आली म्हणून शोध तिथे थांबवू नये.

खोकला सुरू झाल्यावर साधारण तीन आठवडे ही व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते. त्याच काळात ती भाचीच्या बारशाला गेली तर? पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते. त्याआधी बाळ उघडंच असतं. एवढं लहान बाळ कधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो, ते निळं पडतं.

2012च्या साथीत इंग्लंड आणि वेल्समध्ये 14 तान्ही बाळं दगावली. त्या ऑक्टोबरपासून तिथे प्रत्येक गरोदर स्त्रीला ही लस देऊ केली जाते. आईने तयार केलेली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. पहिल्या काही महिन्यांतल्या बाळांना यातून सुमारे 90 टक्के संरक्षण मिळालं, असं पुढच्या पाहणीत दिसलं.

आपल्या सरकारी कार्यक्रमात डांग्या खोकल्याचा शेवटचा डोस पाच-सहा वर्षांच्या वयात असतो. दहाव्या व सोळाव्या वर्षी आणि गरोदरपणात मिळणाऱ्या ‘टीडी’ लसीत फक्त धनुर्वात आणि घटसर्प आहे. डांग्या खोकल्यासाठी ‘टीडॅप’ लागते, आणि ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. घरात बाळ येणार असेल तर गरोदर स्त्रीने 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान, आणि बाळाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी निदान दोन आठवडे आधी, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावं.