मागच्या शब्दांची वही

चॅटबॉटला लांबलचक मजकूर देऊन प्रश्न विचारला, की तो आधी थोडा वेळ गप्प बसतो आणि मग शब्दामागून शब्द भराभर टाकत सुटतो. त्या शांततेत मॉडेल तुमचा सगळा मजकूर एकदम वाचून त्याच्या नोंदी करून ठेवतं, आणि पुढचा वेग या नोंदींमुळेच येतो. नोंदींच्या या साठ्याला केव्ही कॅश म्हणतात. के म्हणजे की, व्ही म्हणजे व्हॅल्यू.

समजा, वाक्य इथवर आलंय: ‘आजीने पाठवलेला फणस कापताना हाताला लागलेला’. पुढचा शब्द बहुधा ‘चीक’. तो सुचण्यासाठी शेवटच्या ‘लागलेला’पासून आकड्यांची एक रांग तयार होते, तिला क्वेरी म्हणतात. मागच्या प्रत्येक शब्दाची एक की असते, तीही आकड्यांचीच रांग. क्वेरी प्रत्येक कीशी ताडून पाहिली जाते. जिच्याशी ती जास्त जुळते, त्या शब्दाची व्हॅल्यू, म्हणजे त्याच्याकडची माहिती, जास्त प्रमाणात घेतली जाते. इथे ‘फणस’ आणि ‘कापताना’ यांचं वजन वाढतं. हे मॉडेलच्या प्रत्येक थरात नव्याने घडतं.

आता ‘चीक’ लिहून झाला आणि त्याच्या पुढचा शब्द हवा आहे. ‘फणस’ची की पुन्हा काढायची का? गरज नाही. या मॉडेलांमध्ये शब्दाला फक्त मागचं दिसतं. ‘फणस’ला ‘आजीने पाठवलेला’ एवढंच ठाऊक; पुढे चीक येवो की चाकू, त्याच्या की-व्हॅल्यूत कुठल्याच थरात फरक पडत नाही. म्हणून ती एकदा काढून जपून ठेवता येते. दोन्ही बाजूंना बघणाऱ्या मॉडेलमध्ये ही सोय नसती. क्वेरी मात्र कोणी साठवत नाही, कारण ती आपल्या पाळीला एकदाच वापरली जाते.

किती काम वाचतं? हजार शब्दांचा मजकूर आणि पाचशे शब्दांचं उत्तर धरा. नोंदी नसतील तर प्रत्येक नव्या शब्दासाठी पहिल्यापासून सगळं वाचावं लागेल: १,००० अधिक १,००१, असं १,४९९ पर्यंत. बेरीज ६,२४,७५०. नोंदी असतील तर फक्त १,४९९. प्रत्यक्षात वेग चारशेपट वाढत नाही, कारण ग्राफिक्स कार्ड अनेक शब्द एकाच वेळी हाताळतं; पण उत्तर लांबेल तसा फरक चांगलाच जाणवतो.

वाचलेल्या कामाची किंमत जागेत मोजावी लागते. किराणा दुकानदार पानाच्या तळाशी बेरीज करतो, पुढच्या पानावर ‘मागील बाकी’ लिहितो आणि जुनी पानं मिटून टाकतो. इथे तशी बेरीज चालत नाही. नवी क्वेरी कोणत्या जुन्या शब्दाकडे वळेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक नोंद सुटी ठेवावी लागते.

मेटा कंपनीचं २०२३ सालचं ‘लामा २’ घ्या, सात अब्ज आकड्यांचं. त्यात ३२ थर आहेत. दर थरात एका शब्दाच्या कीसाठी ४,०९६ आकडे आणि व्हॅल्यूसाठी तेवढेच, आणि दर आकड्याला दोन बाइट. गुणाकार केला तर एका शब्दामागे बरोबर अर्धा एमबी. या मॉडेलची कमाल मर्यादा ४,०९६ शब्दांची. ती गाठली की एका संभाषणाची वही दोन जीबीची होते. मॉडेल स्वतः साडेतेरा जीबीच्या आसपास. म्हणजे २४ जीबीच्या कार्डावर अशी जेमतेम पाच संभाषणं मावतील. शिवाय मी सोयीसाठी ‘शब्द’ म्हणतोय. खरं मोजमाप टोकनचं, म्हणजे शब्दाच्या तुकड्याचं असतं. या मॉडेलमध्ये देवनागरी शब्दाचे बरेच तुकडे पडतात, त्यामुळे तोच आशय मराठीत लिहिला तर वही इंग्रजीपेक्षा लवकर भरते.

पुढे वहीच बारीक करण्याची युक्ती आली. थरातलं ताडून पाहण्याचं काम ३२ गटांत वाटलेलं असतं आणि ‘लामा २’च्या या आवृत्तीत प्रत्येक गटाच्या की-व्हॅल्यू वेगळ्या होत्या. ‘लामा ३’च्या आठ अब्जांच्या मॉडेलमध्ये चार-चार गट मिळून एकच संच वापरतात. अर्ध्या एमबीचे १२८ केबी झाले.

हीच वही निरनिराळ्या संभाषणांतही वापरता येते. सेवा चालवणारे दर संभाषणाआधी त्याच लांबलचक सूचना देत असतील, तर त्यांच्या नोंदी एकदा करून ठेवल्या की पुरतात. अट एवढीच, की मजकूर पहिल्या टोकनपासून तंतोतंत तोच हवा. हौसेने सूचनांच्या डोक्यावर चालू वेळ टाकली, तर मिनिट बदललं की त्याखालच्या सगळ्या नोंदी बाद होतात, कारण त्या प्रत्येकीने मागची वेळ ‘पाहिलेली’ असते. असं झालंय हे ओळखता येतं: शब्द पडण्याचा वेग पूर्वीइतकाच राहतो, पण सुरुवातीची शांतता लांबते. अशा वेळी वेळेची ती ओळ सूचनांच्या खाली नेली, की वरच्या नोंदी पुन्हा कामाला येतात.